पोर वाढलं, गोळी तेवढीच राहिली : मुलांच्या टीबीच्या उपचारात वजन पुन्हा पुन्हा का करायचं

"पोरगी सुधारतेय म्हणता आणि गोळी वाढवता? बरी होतेय तर गोळी कमी करायला हवी ना?"

बालरोग विभागात काम करताना हा प्रश्न मी अनेक आज्यांकडून ऐकलाय. प्रश्न अगदी रास्त आहे. ताप उतरला की तापाचं औषध बंद होतं, खोकला थांबला की बाटली कपाटात जाते. मग टीबीचीच गोळी मूल गुटगुटीत व्हायला लागल्यावर एकाची दोन का होते? "औषध गरम पडेल" ही भीती त्या प्रश्नामागे असते, आणि "म्हणजे आजार वाढलाय की काय, डॉक्टर सांगत नाहीत" ही दुसरी भीतीही असते. दुसरी बोलून दाखवली जात नाही, पण घरी गेल्यावर वाढवलेली गोळी गुपचूप पुन्हा एकच दिली जाते ती तिच्यामुळे. म्हणून या एका बदलाबद्दल नीट, सावकाश लिहायचं ठरवलं.

मुलांच्या टीबीचा नेहमीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्बुटॉल. पुढच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड थांबतं आणि उरलेली तीन चालू राहतात. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर हाच उपचार वर्षभर चालतो. मोठ्या माणसासाठी सहा महिने म्हणजे सहा महिनेच. तान्ह्या बाळासाठी तेवढ्यात आयुष्याचा एक मोठा तुकडा निघून जातो. बाळ पालथं पडतं, बसतं, उभं राहतं, आणि तेवढ्या काळात त्याचं शरीरही वेगळंच होऊन जातं.

आकड्यांत सांगते. साडेसहा किलोच्या आसपास असलेलं आजारी बाळ उपचार लागू पडल्यावर सहा महिन्यांत नऊ किलोच्या जवळ सहज पोचतं. मोठ्या माणसाच्या मापात हे असं होईल: पन्नास किलोचा माणूस सहा महिन्यांत एकोणसत्तर किलोचा झाला. अशा माणसाला आपण पहिल्या दिवशीचाच डोस शेवटपर्यंत देऊ का? बाळाच्या बाबतीत मात्र हे घडतं, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर रोज थोडं थोडं वाढत असतं आणि रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही.

आता डोस ठरतो कसा ते पाहू. प्रत्येक औषधाचं माप किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतं. मुलांसाठी रिफॅम्पिसिन दर किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम लागतं आणि 10 ते 20 ही त्याची मान्य मर्यादा आहे. आयसोनियाझिड 10 मिलिग्रॅम लागतं, मर्यादा 7 ते 15. हे माप मोठ्यांपेक्षा जास्त आहे. मुलांचं यकृत शरीराच्या मानाने ही औषधं झपाट्याने निकाली काढतं, त्यामुळे मोठ्यांइतकंच किलोमागे औषध दिलं तर मुलांच्या रक्तात ते पुरेसं चढतच नाही. ही गोष्ट बरीच उशिरा लक्षात आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मुलांचे डोस वाढवले, त्याआधी आयसोनियाझिड किलोमागे 5 आणि रिफॅम्पिसिन 10 मिलिग्रॅम दिलं जायचं.

पण कोणत्याही घरात कोणी रोज मिलिग्रॅम मोजत बसत नाही. म्हणून सरकारी कार्यक्रमात मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी असते. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत आयसोनियाझिड 50, रिफॅम्पिसिन 75 आणि पायराझिनामाइड 150 मिलिग्रॅम एकत्र असतं. तिच्या जोडीला इथॅम्बुटॉलची 100 मिलिग्रॅमची वेगळी गोळी असते. नंतरच्या चार महिन्यांच्या गोळीत फक्त आयसोनियाझिड 50 आणि रिफॅम्पिसिन 75 राहतं, इथॅम्बुटॉल पूर्वीसारखंच वेगळं. किती गोळ्या द्यायच्या ते वजनगटावर ठरतं. 4 ते 7 किलो असेल तर प्रत्येकी एक, 8 ते 11 ला दोन, 12 ते 15 ला तीन आणि 16 ते 24 ला चार. इथे 7 किलो म्हणजे आठ पूर्ण व्हायच्या आतलं सगळं, 7.9 सुद्धा. चार किलोच्या खालच्या बाळाचा डोस या तक्त्यातून काढायचा नसतो, तो तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतात.

तक्ता सोपा आहे आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण त्याच्यात एक अडचण लपलेली आहे, ती समजली की वजनाचा सगळा मुद्दा समजतो. गट म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आहेत आणि मूल वाढतं ते उतारावरून चढल्यासारखं, सलग. पायरीच्या सुरुवातीला उभं असलेलं मूल आणि पायरीच्या टोकाला उभं असलेलं मूल यांना गोळी तेवढीच मिळते. चार किलोच्या बाळाला एका गोळीतून रिफॅम्पिसिन किलोमागे जवळजवळ 19 मिलिग्रॅम मिळतं. तीच गोळी 7.9 किलोच्या बाळाला दिली तर किलोमागे साडेनऊ. म्हणजे गटाच्या आतच माप निम्म्यावर येतं, आणि टोकाला ते मान्य मर्यादेच्या किंचित खालीही जातं. 16 ते 24 च्या गटात असं होत नाही. तिथे 24.9 किलोच्या मुलालाही किलोमागे 12 मिळतं. सगळ्यात लहान बाळांचा गटच प्रमाणाने सगळ्यात रुंद आहे आणि तीच बाळं सगळ्यात वेगाने वाढतात. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात, म्हणून पहिल्या गटातल्या बाळाचं वजन चुकवणं सगळ्यात महाग पडतं.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. हे समजावण्यासाठी रचलेलं उदाहरण आहे, पण यातली प्रत्येक पायरी रोजच्या कामातली आहे.

समजा नऊ महिन्यांची एक मुलगी आहे. वडिलांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात हिलाही टीबी असल्याचं कळलं. वजन 6.4 किलो. या वयाच्या मुलीचं वजन साधारण 8.2 असतं, म्हणजे ही बरीच मागे आहे. गट 4 ते 7, म्हणून रोज एक गोळी आणि जोडीला इथॅम्बुटॉलची एक. भागाकार केला तर रिफॅम्पिसिन किलोमागे 11.7 आणि आयसोनियाझिड 7.8 पडतं. दोन्ही मर्यादेत आहेत, पण खालच्या कडेला. पायराझिनामाइड तर लक्ष्यापेक्षा कमीच पडतं.

दोन आठवड्यांनी वजन 6.3. आई घाबरते. पण सुरुवातीच्या दिवसांत शंभर ग्रॅम खाली येणं हे पहिल्या दिवशी बाळ जेवून आलं होतं की उपाशी, लंगोट ओला होता की कोरडा, एवढ्यावरही अवलंबून असतं. गोळी तीच ठेवायची, ताप आणि दूध पिणं यांवर लक्ष ठेवायचं. महिन्याने 6.8, दोन महिन्यांनी 7.3. बाळ हसतंय, खातंय, रात्री घामाने भिजत नाही. सगळे खूश.

इथे एक धोक्याची जागा येते. दोन महिने पूर्ण झाले की गोळी बदलते. नवी पाकिटं येतात, पायराझिनामाइड बंद होतं, घरच्यांना नवं पाकीट समजावून सांगायचं असतं. सगळ्यांचं लक्ष कोणतं औषध बंद आणि कोणतं चालू यावर असतं, आणि किती हा आकडा जुन्या कार्डावरून तसाच खाली उतरवला जातो. मी स्वतः एका मुलाच्या कार्डावर ओळीने सहा महिने एकच वजन लिहिलेलं पाहिलंय, दशांशासकट तेच. ते मूल सहा महिने तेवढंच राहिलं नव्हतं, त्याला सहा महिने कोणी काट्यावर ठेवलंच नव्हतं. तेव्हापासून कार्डावर लागोपाठ दोनदा हुबेहूब तेच वजन दिसलं की मी मूल पुन्हा काट्यावर ठेवते.

आपल्या मुलीचं वजन मात्र त्या दिवशी झालं. 7.3 म्हणजे गट तोच, गोळी एकच. किलोमागे रिफॅम्पिसिन 10.3, आयसोनियाझिड 6.8. तिसऱ्या महिन्याअखेर वजन 7.8. तक्ता अजूनही एकच गोळी सांगतो, पण भागाकार सांगतो की रिफॅम्पिसिन 9.6 वर आणि आयसोनियाझिड 6.4 वर उतरलंय. तक्ता मोडून आपल्या मनाने दीड गोळी करायची नाही. पण पुढचं वजन महिन्याने करायचं हेही अशा वेळी बरोबर नाही. कड्याच्या इतक्या जवळ आलेल्या बाळाला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. येणं जमत नसेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून फोन करायला सांगायचं. तक्ता जिथे अपुरा पडतो ती फट वजन लवकर करूनच भरता येते.

दोन आठवड्यांनी वजन 8.1. लगेच पुन्हा एकदा काट्यावर ठेवलं, तेच आलं. आता दोन गोळ्या. रिफॅम्पिसिन किलोमागे 18.5, आयसोनियाझिड 12.3, दोन्ही मर्यादेत आणि आता वरच्या बाजूला. सहाव्या महिन्याअखेर ती 8.8 किलो होईल तेव्हा हेच आकडे 17 आणि 11.4 असतील.

आणि बदल केलाच नसता तर? शेवटी 8.8 किलोच्या मुलीला एका गोळीतून रिफॅम्पिसिन किलोमागे 8.5 आणि आयसोनियाझिड 5.7 मिळालं असतं. म्हणजे कार्डावर सगळ्या दिवसांपुढे बरोबरच्या खुणा, एकही डोस चुकलेला नाही, आणि तरीही शेवटचे अडीच महिने औषध मापापेक्षा कमी.

हे बाहेरून ओळखू येत नाही, आणि खरी चिंता हीच आहे. जास्त डोस झाला तर शरीर काहीतरी सांगतं. उलट्या होतात, जेवण नकोसं होतं, डोळे पिवळे दिसतात. कमी डोस काहीच सांगत नाही. मूल खेळत असतं, गाल वर आलेले असतात. रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, ती डोस कमी असला तरी केशरीच दिसते. रक्तात औषधाची पातळी चढत नाही, सुस्तावलेले जंतू मरायचे तेवढे मरत नाहीत, आणि ते डोकं वर काढतात ते उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, कधी औषधाला दाद न देणारे होऊन. तेव्हा मागे वळून नेमकं कारण सांगताही येत नाही.

म्हणून आज्यांना मी उत्तर देते ते असं. औषध आजाराच्या मापाचं नसतं, ते बाळाच्या अंगाच्या मापाचं असतं. गेल्या दिवाळीचं झबलं यंदा होत नाही म्हणून आपण बाळ आजारी पडलं असं म्हणत नाही, मोठं झबलं आणतो. गोळी वाढली कारण बाळ वाढलं. हे पटतं. मग मी आणखी एक सांगते: एकाची दोन होताना डोस दुप्पट होतो, त्यामुळे पहिले काही दिवस बाळाकडे जरा जास्त लक्ष द्या. वारंवार उलट्या, खाणं पूर्ण बंद, डोळ्यांत पिवळेपणा, यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात या. गोळी मनाने एक करू नका.

हा सगळा भागाकार ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा खरा हवा. वजन करणं हे सगळ्यांना येणारं काम वाटतं, आणि म्हणूनच ते सगळ्यात निष्काळजीपणे होतं. डिसेंबरात बाळ येतं ते कुंची, स्वेटर, दुपटं, पायात वाळे आणि भरलेला लंगोट अशा थाटात. हे सगळं एका ताटात काढून ठेवलं आणि ताट काट्यावर ठेवलं तर तीन-चारशे ग्रॅम सहज भरतात. 7.8 च्या बाळाला 8.2 करायला एवढं पुरतं. आणि मार्चमध्ये तेच बाळ उघडं ठेवलं की वजन "घटतं". कपडे काढून, निदान एका पातळ झबल्यावर, दर वेळी तसंच वजन करायचं. थंडी असेल तर खोलीचं दार लावायचं, बाळाला आईच्या पदरात गुंडाळून ठेवायचं आणि काट्यावर ठेवायच्या क्षणीच उघडं करायचं.

काटाही एकच असावा. दवाखान्यातला, अंगणवाडीतला आणि किराणा दुकानातला काटा तिन्ही वेगवेगळं बोलतात. रिकामा काटा शून्यावर आहे का ते आधी बघायचं. स्प्रिंगचा टांगता काटा वर्षानुवर्षं वापरून सैलावतो, तेव्हा अधूनमधून एक किलो मिठाचं न फोडलेलं पाकीट त्यावर ठेवून बघितलं तर काटा किती खोटं बोलतो ते तिथल्या तिथे कळतं. आईला बाळासकट मोठ्या काट्यावर उभं करायचं आणि मग आईचं वजन वजा करायचं ही पद्धत मोठ्या मुलासाठी चालते, पण काटा अर्ध्या किलोच्या खुणांचा असेल तर तान्ह्या बाळासाठी ती निरुपयोगी आहे. तिथे शंभर ग्रॅम दाखवणारा बाळांचा काटाच हवा. बाळ हातपाय झाडत असेल तर थांबायचं, दोनदा वजन करायचं. दोन आकड्यांत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

एका परिस्थितीत मात्र खरा काटाही फसवतो. खूप कुपोषित बाळाच्या पायांवर सूज असते, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो. ते वजन बाळाचं नसतं, पाण्याचं असतं. उपचार आणि आहार सुरू झाला की सूज उतरते आणि वजन घटतं, प्रत्यक्षात बाळ सुधारत असताना. उलट जुलाबांनी सुकलेलं बाळ दोन दिवस पाणी-मीठ-साखर मिळाल्यावर एकदम वजनदार होतं. म्हणून अशा बाळाच्या आकड्याशेजारी "सूज आहे" किंवा "जुलाब चालू" हे दोन शब्द लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी कार्ड हातात घेणाऱ्याला नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही.

आता वजन कमी झालं तर काय, हा प्रश्न उरतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीला 8.1 वर दोन गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या वेळी, समजा, सर्दीपडशाने ती 7.9 भरली. लगेच पुन्हा एकवर आणायची का? नाही. 7.9 वर दोन गोळ्यांतून रिफॅम्पिसिन किलोमागे 19 पडतं, मर्यादेतच आहे. शंभर-दोनशे ग्रॅमच्या चढउताराबरोबर गोळी वरखाली करत राहिलं तर घरचे गोंधळतात आणि मग काय द्यायचं ते विसरतात. पण ती 7.2 वर आली असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा डोसाचा भागाकार डॉक्टरांनी पुन्हा करावाच लागतो, आणि त्याहून मोठा प्रश्न असतो तो म्हणजे उपचार चालू असताना बाळ जवळजवळ एक किलो उतरलं का?

कारण हाच काटा दुसरंही एक काम करतो. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यामुळे थुंकीची तपासणी करून उपचार लागू पडतोय की नाही हे बघणं मोठ्यांसारखं सोपं नसतं. तिथे ताप, खोकला, खेळणं आणि वजन याच खुणा हाताशी असतात, आणि त्यांत मोजता येणारी खूण एकच. दोन महिने उलटले आणि वजन हललंच नाही, तर गोळी तीच ठेवून पुढे जायचं नसतं. आधी घरी विचारायचं, खोदून पण न रागावता: गोळी रोज पोटात जाते का, की विरघळवलेलं पाणी अर्धं तोंडातून बाहेर येतं? ग्लास तळाशी विसळून तेही पाजतात का? गोळी दिल्यावर लगेच उलटी होते का? घरात खायला काय आहे? मग तपासायचं ते औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, एचआयव्ही आहे का, आणि मुळात निदान बरोबर होतं का. यांतलं बरंचसं सुरुवातीला पाहिलेलं असतं, तरी न वाढणारं वजन हे ते पुन्हा पाहण्याचं पुरेसं कारण आहे.

कागदी बाजूही सांगायला हवी, कारण बदल तिथेच अडतो. तीन महिने संपले तेव्हा आपल्या मुलीच्या घरी 28 दिवसांची औषधं गेली, रोज एक म्हणून 28 गोळ्या. चौदा दिवसांनी डोस दोनचा झाला तेव्हा घरी चौदा गोळ्या उरल्या होत्या. त्या आता सातच दिवस पुरतील. जादा गोळ्या त्याच भेटीत हातात दिल्या नाहीत तर आठव्या दिवशी आई साहजिकच विचार करते की पुढच्या तारखेपर्यंत पुरवायच्या आहेत, मग एक-एकच देऊ. हिशोब तिचा चुकत नाही, आपला चुकलेला असतो. म्हणून डोस बदलला की चौदा जादा गोळ्या मोजून द्यायच्या, इथॅम्बुटॉलच्याही तेवढ्याच. कार्डावर जुना आकडा खाडाखोड न करता एका रेघेने खोडून नवा आकडा, तारीख आणि ज्यावर तो ठरला ते वजन लिहायचं. औषध खासगी दवाखान्यातून चालू असेल तर जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने तेच आणलं जातं. चिठ्ठीवर वजन आणि तारीख लिहिलेली नसेल तर दुकानदारालाही काही खटकायचं कारण नसतं. आईवडिलांनी डॉक्टरांना "चिठ्ठीवर आजचं वजन लिहाल का?" एवढं विचारलं तरी पुढचा सगळा प्रश्न आपोआप निघतो.

25 किलोच्या मोठ्या मुलाची एक गंमत नाही पण गफलत होण्यासारखी जागा आहे, ती थोडक्यात सांगते. 24 पर्यंत चार छोट्या गोळ्या असतात. 25 ते 29 च्या गटात तीन छोट्या आणि मोठ्यांची एक असं मिश्रण होतं. घरच्यांना वाटतं चारच्या चारच आहेत, मग बदल काय झाला? पण मोठ्यांच्या गोळीत रिफॅम्पिसिन 150 मिलिग्रॅम असतं, छोटीच्या दुप्पट. गोळ्यांची संख्या तीच, औषध जास्त. इथे तोंडी सांगून भागत नाही, दोन्ही पाकिटं समोर ठेवून दाखवावी लागतात.

आणि त्या घरात आणखी एक मूल आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलीला साडेतीन वर्षांचा भाऊ आहे, 12.6 किलोचा. त्याला टीबी झालेला नाही, पण वडिलांच्या संपर्कात असल्यामुळे तो होऊ नये म्हणून त्याला सहा महिने रोज आयसोनियाझिड चालू आहे, किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या हिशोबाने. हा निरोगी, खेळकर, म्हणून दर महिन्याला बहिणीला काट्यावर ठेवतात आणि हा दारात उभा राहून बघतो. वाढतो मात्र तोही. सुरुवातीला 100 मिलिग्रॅमची एक गोळी दिली असती तर किलोमागे आठही पडलं नसतं, म्हणून त्याला दीड गोळी सुरू केली, किलोमागे जवळजवळ 12. तो बहिणीबरोबर आला की मी त्यालाही काट्यावर उभं करते. पाचव्या महिन्यात तो 14.1 भरला. 150 भागिले 14.1, साधारण साडेदहा. दीड गोळी तशीच ठेवली.